खुलासा : ‘साठ लिटरची टाकी’ हा लाभ नव्हे

“कूलरची टाकी ६० लिटरची आहे एवढं सांगितलं की झालं, वैशिष्ट्य, सरसपणा आणि लाभ ही एकाच गोष्टीची तीन नावं आहेत.”

वस्तू विकताना होणारा हा गैरसमज आहे; या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकीची क्षमता हे वैशिष्ट्य आहे. गिऱ्हाईक कोणीही असले तरी ते बदलत नाही. सरसपणा तुलनेतून निघतो: कूलर तासाला सहा लिटर पाणी ओढत असेल, तर ही टाकी दहा तास पुरते आणि ३० लिटरची पाचच तास. लाभ मात्र गिऱ्हाइकाच्या घरात ठरतो. जळगावच्या मे महिन्यात रात्रभर कूलर लावणाऱ्या कुटुंबाला मध्यरात्री उठून बादली ओतावी लागत नाही, हा त्यांचा लाभ. तोच कूलर दुपारी दोन तास लावून खोलीखोलीत सरकवणाऱ्या आजींना मात्र भरल्या टाकीतल्या साठ किलो पाण्याचा जाचच होईल. म्हणून कूलर केव्हा, किती वेळ आणि कुठे लावणार, हे आधी विचारावे. माहितीपत्रक पाठ म्हणणारे विक्रेते नेमके हेच विसरतात. शिवाय मोठी टाकी म्हणजे जास्त गारवा, असे सांगू नये, कारण गारवा बाष्पीभवनातून येतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तो कमीच मिळतो.