गणपतीचा पाट आणि माझे पाय

मी ॲनिमेशन करते म्हटलं की समोरच्याचा चेहरा 'म्हणजे दिवसभर कार्टून बघता' असा होतो. मग मी हिशेब मांडते. पडद्यावरच्या एका सेकंदात 24 फ्रेम असतात. एक चित्र दोन-दोन फ्रेम टिकवलं, तरी सेकंदाला 12 चित्रं काढावी लागतात. मसाल्याच्या जाहिरातीतल्या आजीबाईंनी पाच सेकंद मिरच्या कुटल्या, की मला 60 आजीबाई काढायच्या असतात. त्यांचा हात काही दुखत नाही.

माझा दुखायला लागला, तो अंगठ्याच्या मुळाशी. कढई उचलताना, नळ पिळताना, मेसेज लिहिताना. फिजिओथेरपिस्टबाईंनी अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं. मी जी किंकाळी मारली, ती ऐकून बाहेरचे एक आजोबा 'पुन्हा येतो' म्हणून निघून गेले. अंगठ्याच्या कंडरांभोवतीचं आवरण सुजलंय, त्याला डी कर्व्हेन म्हणतात, असं बाई म्हणाल्या. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येते का, हातातून वस्तू निसटतात का, हेही त्यांनी खोदून विचारलं. तसं असतं तर मनगटातली नस दबल्याची शंका, आणि मग थेट डॉक्टर. माझं तसं नव्हतं. पट्टा, थोडे व्यायाम आणि एक गृहपाठ मिळाला: काम करतानाचा बाजूनं काढलेला फोटो.

फोटो नवऱ्यानं काढला. मी सरळ बसते असा माझा समज होता. फोटोत खांदे कानांना टेकायला निघाले होते आणि मान स्क्रीनमध्ये शिरत होती.

"टेबल किती उंच आहे?" बाईंनी विचारलं. मोजलं, तर 30 इंच. जेवणाची टेबलं साधारण तेवढीच असतात. मग खुर्चीत बसून, हात सैल सोडून, कोपर जमिनीपासून किती वर येतं ते मोजायला लावलं. ते आलं 25 इंच. मधले पाच इंच मी दिवसभर खांद्यांनी उचलून धरत होते, आणि मनगट टेबलाच्या कडेवर दुमडून चित्रं काढत होते. सगळा दोष अंगठ्याच्या माथी, आणि गुन्हेगार निघाला सुतार.

टेबलाचे पाय कापणं शक्य नव्हतं, कारण ते सासूबाईंच्या माहेरचं. मग खुर्ची पाच इंच वर घेतली. खांदे खाली आले, पण पाय अधांतरी. खुर्चीची कड मांडीखाली रुतून अर्ध्या तासात पावलं झोपली. पायाखाली पाच इंचांचं काहीतरी हवं, म्हणून मी माळ्यावरचे दोन पाट एकावर एक ठेवले. उंची अगदी बरोबर!

"अगं, गणपती बसतो त्या पाटावर पाय?" सासूबाई दारातच थबकल्या.

पाट गेले. मग मी जुने दिवाळी अंक दोरीनं बांधले. "सरस्वतीवर पाय?" गठ्ठाही गेला. या घरात पाच इंच उंचीची प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या देवाच्या ताब्यात आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. शेवटी मोरीतलं प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल सापडलं. त्यावर कुणाचाच दावा नव्हता. पावलं पूर्ण टेकतात, गुडघे काटकोनात येतात. फक्त सकाळी अंघोळीच्या वेळी कुणीतरी ते ओढून नेतं.

नंतर पेन. टॅबलेटच्या पेनाची निब तिरकी झिजली असेल आणि पृष्ठभागावर चरे पडले असतील, तर तुम्ही पेन दाबत नाही, खुपसता. माझ्या टॅबलेटवर कालवेच पडले होते. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये दाबाचा स्लायडर असतो. तो मऊ बाजूला सरकवला, की हलक्या हातानंही जाड रेष येते. सुरुवातीला सगळ्याच रेषा जाड येतात, आजीबाई पैलवान दिसतात, मग हात शिकतो. बारीक पेन धरायला अंगठ्याची चिमूट घट्ट लागते, म्हणून त्याला फोमची गुंडाळी केली. आणि लांब रेघ मनगटातून न मारता चित्र झूम करून कोपरातून, खांद्यातून मारायची. रेघ वळणदारही येते आणि Ctrl+Z कमी लागतं.

Ctrl+Z ही डाव्या हाताची वेठबिगारी. उजव्यानं चुकायचं आणि डाव्यानं करंगळी ताणून दिवसभर निस्तरायचं. ते एकाच बटणावर आणा. मात्र पेनावरच्या बटणावर नको. ते अंगठ्यानं दाबावं लागतं, म्हणजे दुखऱ्या अंगठ्यालाच ओव्हरटाइम. मी टॅबलेटच्या कडेचं बटण निवडलं. ते डाव्या हाताच्या कुठल्याही बोटानं दाबता येतं.

डोळ्यांचं प्रकरण निराळं. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या लवायच्या कमी होतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. त्यात मी रात्री दिवा मालवून, पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर, तोंडावर पंखा घेऊन बसायचे. आता कॅनव्हास फिका करडा केला, स्क्रीनमागे दिवा लावला आणि पंख्याचं तोंड नवऱ्याकडे वळवलं. शिवाय तो 20चा नियम: दर 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद बघायचं.

हा नियम ज्यानं केला त्यानं डोंबिवली पाहिलेली नाही. माझ्या खिडकीपासून 20 फुटांवर समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा ओटा आहे. मी गजर वाजला की नेमानं 20 सेकंद तिकडे बघते. काही दिवसांनी काकूंनी तिथूनच विचारलं, "काय गं, फोडणीचा वास येतो का?" मी डोळ्यांचा व्यायाम सांगितला. त्यांना पटला नाही. वाटीभर आमटी मात्र येऊ लागली.

मनाचा थकवा आमटीनं जात नाही. तो चित्रांच्या संख्येनं येत नाही, झालेलं काम परत करण्यानं येतो. मिरचीवाल्या आजीबाई सफाईदार काढून झाल्यावर क्लायंट म्हणाले, "छान! फक्त नथ दुसऱ्या बाजूला घ्या." नथ डाव्या नाकपुडीत असते. त्यांनी पाठवलेला फोटो सेल्फी होता आणि तो आरशासारखा उलटा होता. मी त्याबरहुकूम काढलं होतं. एकेक नथ पुसून, नाकाची रेघ सांधून, नवी काढून रंगवायला दहा मिनिटं धरा. 60 चित्रांचे दहा तास. आदल्याच आठवड्यात हीच सूचना आली असती, तर ती कच्च्या सांगाड्यातला एक टिंब होती.

आता माझी रीत ठरलेली आहे. आधी पात्राचं चित्र, सगळ्या बाजूंनी, दागिन्यांसकट, आणि त्यावर लेखी होकार. मग फक्त मुख्य मुद्रा. मग कच्च्या रेषांचा चालता तुकडा, आणि त्यावर दुसरा होकार. त्यानंतरच सफाई. सफाईनंतर बदल हवा असेल तर नवं कोटेशन. सगळे बदल एकाच मेलमध्ये, रात्री अकराच्या व्हॉइस मेसेजमध्ये नाही. पहिल्यांदा हे कळवलं तेव्हा क्लायंट म्हणाले, "मॅडम, एवढं काय, कंप्युटरच करतो ना?"

मी त्यांना नवऱ्यानं काढलेला तो फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "पोज छान आहे. पुढच्या जाहिरातीत आजीबाईंना असंच बसवू या का?"