बॅलन्स दिसतो, मग पैसे का निघत नाहीत?

“खात्यात रक्कम दिसली म्हणजे पैसे आले. बँक मुद्दाम चार दिवस अडवते आणि त्यावर व्याज कमावते. चेक असो की ट्रान्स्फर, नियम एकच. मॅनेजरशी भांडा, लगेच सोडतात.”

असं अनेकांना वाटतं. पण चेक भरल्यावर दिसते ती बहुतेक वेळा तात्पुरती नोंद. म्हणून तर खात्यात दोन आकडे असतात, एकूण शिल्लक आणि काढता येणारी शिल्लक. समजा, खात्यात १०,००० होते आणि सोमवारी तुम्ही ६०,००० चा चेक भरलात. एकूण ७०,००० दिसतील, निघतील मात्र १०,००० च. चेक क्लिअरिंगमधून देणाऱ्याच्या बँकेकडे जातो. सही जुळते का, खात्यात पैसे आहेत का, पेमेंट थांबवलंय का, हे ती बघते आणि काही खटकलं तर ठरलेल्या मुदतीत चेक परत पाठवते. तोवर रक्कम अडवून ठेवतात, तो होल्ड, आणि तो असतो या परतीच्या भीतीपोटी.

बरं, परतीची मुदत संपण्याआधीच बँकेने होल्ड काढला असं धरू. चेक देणाऱ्याचा फोन येतो, “चुकून २०,००० जास्त लिहिले, तेवढे परत पाठवा.” तुम्ही पाठवता, उरतात ५०,०००. नंतर चेक बाउन्स होतो, बँक पूर्ण ६०,००० वळते करून घेते आणि खातं उणे १०,००० वर जातं. तो खड्डा तुम्हीच भरायचा, वर चेक परतीचा चार्ज. ही फसवणूक जुनी आहे आणि चालते ती याच फटीत: होल्ड सुटणं वेगळं, चेक पास होणं वेगळं.

व्याजाच्या आरोपात थोडं तथ्य आहे. देणाऱ्याच्या बँकेकडून पैसे येईपर्यंत तुमच्या बँकेच्या हाती काहीच नसतं. पण पैसे येऊन परतीची मुदतही उलटली आणि होल्ड तसाच असेल, तर तक्रार रास्त आहे.

ट्रान्स्फरचं गणित निराळं. समोरच्याने स्वतः पाठवलेले पैसे त्याच्या खात्यातून आधीच कापलेले असतात, त्यामुळे ते चेकसारखे बाउन्स होत नाहीत. उशीर होतो तो बॅचची वेळ आडवी आल्याने, नाहीतर व्यवहार संशयास्पद वाटून तपासाला लागल्याने. याउलट, तुमच्या सूचनेवरून दुसऱ्याच्या खात्यातून ओढून घेतलेली रक्कम परत जाऊ शकते, म्हणून तिलाही चेकसारखाच होल्ड लागू शकतो.

भांडून काही वेळा होल्ड सुटतोही, विशेषतः खातं जुनं आणि व्यवहार नेहमीचा असेल तर. पण चेक परत आला की बँक वसुली तुमच्याकडूनच करणार. तपासयंत्रणेच्या आदेशाने रक्कम गोठवली असेल, तर ती मॅनेजरच्या हातात नसतेच. काउंटरवर आधी विचारा: होल्ड क्लिअरिंगचा आहे की तपासाचा? क्लिअरिंगचा असेल, तर चेक परत येण्याची मुदत कोणत्या तारखेला संपते?