पोस्टाने पाठवून द्या म्हणे

संध्याकाळी मालक म्हणाले, “मॅडम, लेटर स्पीड पोस्टाने पाठवून द्या, समोर कशाला उगाच रडारड?” तेव्हापासून डोकं फिरलंय.

आमचा मासळीचा कारखाना, रत्नागिरीजवळ. बर्फाचा प्लँट बंद होतोय, त्यावरचा ऑपरेटर कमी करायचा. धंदा बसलाय, मान्य. पण 17 वर्षं 8 महिने अमोनियाच्या वासात काढलेल्या माणसाला ही बातमी पोस्टमनने द्यायची?

माझ्या बाबांना तशीच मिळाली होती. रजिस्टर आलं, आईने सही करून घेतलं. आत सगळं इंग्रजी. शेजारच्या गुरुजींनी ते खळ्यात उभं राहून मोठ्याने वाचलं. बाबा बाजारातून बांगडे घेऊन घरी येईपर्यंत अख्ख्या वाडीला ठाऊक.

म्हणून आत्ता जेवणं आटपून टेबलावर बसलेय. पत्र मराठीतून केलं. वकिलांच्या नमुन्यात ‘असमाधानकारक कामगिरी’ घुसवलं होतं, ते आधी उडवलं. प्लँट बंद होतोय हेच कारण आणि तेच लिहायचं. नाहीतर उद्या दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर त्याने हा कागद दाखवायचा कसा?

मग हिशेब. आधी ग्रॅच्युइटी. सहा महिन्यांच्या वर गेलं की वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे 18. बेसिक आणि डीए मिळून 15,600. त्याला 26 ने भागलं की दिवसाचे 600, पंधरा दिवसांचे 9,000. अठरा वर्षांची ग्रॅच्युइटी 1,62,000. ती 30 दिवसांत द्यायची. पण नोटिशीचा महिन्याचा पगार आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई, यांचा चेक पत्रासोबतच हातात पडला पाहिजे. ‘हिशेब नंतर बघू’ म्हटलं तर ही कपात कोर्टात टिकत नाही. बाबांना कोणी साधा आकडासुद्धा सांगितला नव्हता. हेलपाटे घालत बसले बिचारे.

कधी कधी माणूस सही करत नाही, पत्र टाकून निघून जातो. हो, होतं तसं. तेव्हा दोन साक्षीदार आणि त्याच दिवशी पोस्टाने प्रत. पाठवेन की! पण आधी हातात.

पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख उद्याच टाकायला सांगितलीय, नाहीतर पैसे काढताना त्याचं तिथेच अडतं.

पहिलं वाक्य काय बोलायचं ते तीनदा खोडलं. शेवटी ठेवलं, “भाऊ, बसा. बर्फाचा प्लँट बंद होतोय, त्यात तुमची नोकरी जातेय.” हवापाण्याच्या गप्पा नकोत, चहा नंतर. तो एवढंच विचारेल, “मॅडम, गणपतीच्या तोंडावरच काय ओ?” याला माझ्याकडे उत्तर नाही. मालकांकडे असेल तर त्यांनी येऊन द्यावं.

आणि आता बघते तर चेकवर दुसरी सहीच नाही! साडेदहाला मालकांना फोन लावला, सकाळी आठला सहीला घरी येते म्हटलं. वैतागले. वैतागू देत.