बेरीज बरोबर, घड्याळ चुकलेलं

"दादा, पप्पांना कोलिस्टिन लावलंय, सोबत मेरोपेनेमपण चालू आहे. क्रिएटिनिन १.१ वरून २.३ वर गेलं. डॉक्टरांना डोस निम्मा करा म्हणू का? तुमच्याकडे काय करतात?"

सांगलीहून मावसभावाचा मेसेज आला तेव्हा मी वॉर्डात कुणाच्या तरी जेंटामायसिनची लेव्हल फळ्यावर टिपत होतो. उत्तर इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात मी फार्मसिस्ट आहे. खरं सांगायचं तर "आमच्याकडे" शिरेतून कोलिस्टिन, म्हणजे इतर काही चालेनासं झालं की काढायचं शेवटच्या फळीतलं प्रतिजैविक, देण्याची वेळ क्वचित येते. मेरोपेनेमसारखी औषधं मोडून टाकणाऱ्या एनडीएम एन्झाइमवाली क्लेबसिएला ही जिवाणूची जात सापडली तर इथे आधी सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम एकत्र देण्याचा विचार होतो. पुण्यात आयसीयू सांभाळणारा माझा वर्गमित्र यावर नेहमी टोमणा मारतो, "तू वर्षातून एकदा कोलिस्टिन बघतोस, मी शिफ्टमध्ये एकदा." त्यामुळे परदेशातला म्हणून माझं मत ऐकायचं, तर ते जरा जपूनच ऐकावं.

फॅमिली ग्रुपवर तोवर रण माजलं होतं. एका काकांनी लिहिलं, "कोलिस्टिनवर सरकारने बंदी घातलीय, तरी देतायत!" बंदी २०१९ची आहे, पण ती कोंबड्या आणि जनावरांसाठी. माणसांसाठी हे औषध हाताशी उरावं म्हणूनच ती घातली. मामीने स्वतःची गोष्ट सांगितली: टीबीत स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झाली आणि तेव्हापासून डाव्या कानाने कमी ऐकू येतं. ती खरीच, पण ते औषध जेंटामायसिन-अ‍ॅमिकासिनच्या कुळातलं. कोलिस्टिन वेगळं, त्याचा मुख्य राग मूत्रपिंडावर. भाऊ वेगळ्याच चिंतेत होता. रिपोर्टात कोलिस्टिनपुढे 'आय' छापलं होतं, म्हणजे औषध अर्धंच चालणार असं त्याला वाटलं. अमेरिकी मानकांनी २०२०पासून कोलिस्टिनला 'एस', म्हणजे औषध चालेल हा शेरा, द्यायचंच बंद केलंय. एमआयसी, म्हणजे जिवाणूची वाढ रोखायला लागणारी औषधाची किमान पातळी, २ किंवा कमी असली की 'आय', ४ किंवा जास्त असली की 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषध चालणार नाही. जिवाणू मवाळ निघाला तरी या औषधाची खात्री देता येत नाही, एवढाच त्या अक्षराचा अर्थ.

मी चार्टचा फोटो मागवला. भावाचे पप्पा, म्हणजे माझे काका, ७१ वर्षांचे, वजन ६२ किलो. मूत्रवाहिनीत स्टेंट घातल्यावर थंडी-ताप आला, रक्तात क्लेबसिएला निघाली, अ‍ॅमिकासिन आणि जेंटामायसिन दोन्हींपुढे 'आर'. कोलिस्टिन पहिल्या दिवसापासून ३ मिलियन युनिट, दर आठ तासांनी. दिवसाची बेरीज ९ मिलियन, आणि तेव्हाच्या क्रिएटिनिनवर ती अगदी योग्य. चूक होती ती घड्याळात.

आपण शिरेत देतो ते खरं कोलिस्टिन नसतंच. ते कोलिस्टिमेथेट, शरीरात हळूहळू कोलिस्टिन बनणारं. मूत्रपिंड चांगलं असेल तर बरंचसं बनण्याआधीच लघवीतून निघून जातं. ग्रीसमधल्या आयसीयू रुग्णांवर २००९मध्ये नेमका हाच डोस तपासला गेला. पहिल्या ३ मिलियननंतर रक्तातली पातळी साधारण ०.६ मिलिग्रॅम प्रति लिटर भरली. हवी असते २च्या आसपास, आणि तिथे पोचायला दोन दिवस लागतात. पहिल्या दोन दिवसांत रुग्ण औषधावर आहे असं सगळ्यांना वाटतं आणि जिवाणूला मोकळं रान मिळतं. म्हणून सुरुवातीला एकदम ९ मिलियनचा लोडिंग डोस द्यायचा, आणि मूत्रपिंड कसंही असो, तो कमी करायचा नाही. पुढचे डोस १२ तासांनी, ते मात्र मूत्रपिंड बघून.

वर्गमित्राला फोन लावला. तो म्हणाला, "लोडिंग सगळ्यांना माहीत असतं रे. पण रात्री दोन वाजता कुणी लिहीत नाही. 'किडनी बघू, सावकाश चढवू' म्हणतात." आपल्याकडची हीच सावधगिरी मला उलटी वाटते. पहिल्या दिवशी हात आखडता घ्यायचा आणि दहाव्या दिवशीही औषध थांबवायचं नाही.

अ‍ॅमिकासिनचंही असंच होतं. काकांच्या जिवाणूवर ते चालणार नव्हतं, पण चालतं तेव्हा काय होतं? ५०० मिलिग्रॅम दोनदा. ६२ किलोला १५ मिलिग्रॅमप्रमाणे ९३० होतात, म्हणजे बेरीज पुन्हा जवळपास तीच. पण हे औषध मारतं ते उंच शिखराने, आणि मूत्रपिंडाच्या नलिकेतल्या पेशी एका वेळी ठरावीकच शोषतात. एकदाच मोठा डोस दिला तर पेशींचा घोट तेवढाच राहतो, मग मधे मोकळा वेळ मिळतो. इथे जेंटामायसिनचा पुढचा डोस देण्याआधी लेव्हल १च्या खाली उतरलीय का ते बघतात. उतरली नसेल तर थांबतात. ते यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी नसतं हे मला माहीत आहे, पण डोसांतलं अंतर वाढवायला यंत्र लागत नाही.

आता मेरोपेनेम. जिवाणू त्याला सरळ रेझिस्टंट, एमआयसी १६च्या वर. "सोबत असू दे, काय बिघडतं" हा विचार घराघरांत आणि राउंडमध्येही ऐकू येतो. इस्राएल, ग्रीस आणि इटलीत ४०६ रुग्णांवर याचीच चाचणी झाली, २०१८मध्ये छापून आली. १४ दिवसांनी उपचार फसण्याचं प्रमाण एकट्या कोलिस्टिनने ७९ टक्के, मेरोपेनेम जोडून ७३. फरक सांख्यिकीत टिकला नाही, जुलाब मात्र वाढले. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे ७३ बरं की!" त्याला अगदीच चूक म्हणता येत नाही. त्या चाचणीत तीन चतुर्थांशाहून जास्त रुग्ण असिनेटोबॅक्टर या दुसऱ्याच जिवाणूचे होते. क्लेबसिएलाबद्दल तिला ठाम काही सांगता आलं नाही. माझा कल बंद करण्याकडे, वर्गमित्राचा चालू ठेवण्याकडे, आणि आम्ही दोघंही त्यावर पैज लावणार नाही.

डोस निम्मा करायचा का? चौथ्या दिवशी क्रिएटिनिन २.३ म्हणजे वय-वजन धरून क्लिअरन्स, मूत्रपिंडाची गाळण्याची गती, मिनिटाला अंदाजे २६ मिलिलिटर. युरोपच्या तक्त्याप्रमाणे या पायरीवर दिवसाला ४.५ ते ५.५ मिलियन. म्हणजे भावाचा 'निम्मा' आकड्याने बरोबर निघाला! क्रिएटिनिन चढतंच असेल तर खरा क्लिअरन्स २६हून कमीच, म्हणून रोज नव्याने मोजायचं. भावाला म्हटलं, डॉक्टरांनाही हाच हिशेब विचार, "निम्मा करा" असं नको.

आणखी एक गोष्ट त्या फोटोत दिसली. कोलिस्टिनच्या खाली, बारीक अक्षरात, डायक्लोफेनॅक, दिवसातून दोनदा. स्टेंटच्या दुखण्यासाठी. कोलिस्टिनवरच्या किडनीला हे नको होतं, आणि ग्रुपवरच्या दोनशे मेसेजांत त्याचं नाव नव्हतं. "पण लघवी तर छान होतेय," भाऊ म्हणाला. अशा वेळी बरेचदा होतेच. म्हणूनच पिशवी बघून फसायला होतं.

डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक त्याच संध्याकाळी थांबवलं, कोलिस्टिन कमी केलं, मेरोपेनेम चालू ठेवलं. सातव्या दिवशी क्रिएटिनिन २.१. ताप नाही. भावाने विचारलं, आता किती दिवस? मी म्हटलं, उद्याचा रिपोर्ट पाठव.