डाऊट, सर

रात्री पावणेबाराला मेल आला. विषयाची जागा रिकामी, आत मजकूर एवढाच: "डाऊट, सर". ना धडा, ना गणित, ना नाव. पाठवणाऱ्याचा पत्ता असा, की हा आपल्या वर्गातला मुलगा आहे की कुठल्या मोबाईल गेममधला सेनापती, हेही कळेना.

वर्गात मी रोज विचारतो, "कुणाला काही अडलंय का?" तेव्हा अख्खा वर्ग पंख्याकडे बघतो. तोच वर्ग मध्यरात्री जागा होतो. आणि आमच्याकडे नियम असा, की विद्यार्थ्याच्या मेलला चोवीस तासांत उत्तर गेलंच पाहिजे. विद्यार्थ्याच्या मेलमध्ये काहीतरी असलं पाहिजे, असा नियम मात्र कुणाला सुचलेला नाही.

मी सविस्तर उत्तर लिहिलं. "तुझा डाऊट मिळाला. कसला आहे ते मिळालं नाही. धडा आणि गणिताचा नंबर लिही. तू कुठपर्यंत आलास ते लिही. उत्तर जुळत नसेल तर तुझं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर, दोन्ही लिही. मग चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते सांगता येईल."

लगेच उत्तर आलं: "ओके सर".

पुढे काही नाही. ओके म्हणजे काय? सुटलं? लिहितोय? झोपला? मी जागाच. शेवटी मीच विचारलं, "कुठला डाऊट?"

"फिजिक्सचा सर."

मी दुसरा कुठलाही विषय शिकवत नाही.

"फिजिक्समधला कुठला?"

"फ्रिक्शन सर."

"फ्रिक्शनमध्ये काय?"

"सगळंच सर. पण एक गणित."

मग फोटो आला. आडवा. अर्ध्या फोटोत चादर, आणि प्रश्नाच्या मधोमध अंगठा. मी मान वाकडी करून वाचलं. ५ किलोचा ठोकळा सपाट जमिनीवर, घर्षणांक ०.४, g १० धरायचा, ठोकळ्याला आडवं ढकललंय... आणि किती जोराने, तो आकडा अंगठ्याखाली. अंगठा काढ म्हटलं तर "कुठला अंगठा सर?" असं विचारलं. अखेर निघाला: १२ न्यूटन. प्रश्न असा, की घर्षणबल किती? पुस्तक म्हणतं १२, याचं आलं २०.

वजन ५० न्यूटन, त्याला ०.४ ने गुणलं की २०. गुणाकार चोख. मी लिहिलं, "बाळा, तुझं उत्तर खरं धरून बघू. तू पुढे ढकलतोस १२ ने, घर्षण मागे ढकलतं २० ने. म्हणजे ८ न्यूटन मागच्या दिशेने उरले. ५ किलोला ८ न्यूटन, त्वरण १.६. म्हणजे तू ठोकळ्याला ढकलायला गेलास आणि ठोकळा उलटा तुझ्याच अंगावर धावून आला. असा ठोकळा कधी पाहिलायस?"

"नाही सर."

"मग? २० ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. ठोकळा जागचा हलत नाही तोवर घर्षण लागेल तेवढंच लागतं. ५ ने ढकललंस तर ५, १२ ने ढकललंस तर १२. वीसच्या वर गेलास की ठोकळा सरकला, आणि सरकत्या ठोकळ्याचं घर्षण सहसा त्याहून थोडं कमीच असतं. स्थिर ठोकळ्यासाठी सूत्र `f = μN` नाही, `f ≤ μN` आहे." ते चिन्ह मी फळ्यावर खडूने दोनदा गिरवतो. वहीत उतरताना त्याचं बरोबरचं चिन्ह होतं, दरवर्षी, आणि पेपर तपासताना तो ठोकळा गठ्ठ्यातून माझ्या अंगावर येतच राहतो.

मला वाटलं, संपलं. लॅपटॉप मिटणार, एवढ्यात मेल आला. त्यात चक्क पूर्ण वाक्य होतं.

"पण सर, मी किती जोर लावतोय हे घर्षणाला कसं कळतं?"

आता हा प्रश्न! उत्तर परीक्षेत मिळवणाऱ्यांतले निम्मे तरी हे कधी विचारत नाहीत. हाच त्याचा खरा डाऊट होता, आणि तो पहिल्याच मेलमध्ये एका ओळीत मावला असता. मला रागही आला आणि झोपही उडाली. मी लिहीत सुटलो. दोन पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी खऱ्या अर्थाने टेकतात ते बारीक बारीक उंचवट्यांवरच. ढकललंस की ते उंचवटे दिसणारही नाहीत इतके किंचित वाकतात, आणि वाकले की उलटा जोर लावतात. जास्त ढकललंस की जास्त वाकतात. तुझा जोर आणि त्यांचा जोर सारखा होईपर्यंतच वाकतात. कुणाला काही कळावं लागत नाही. वाकण्याची हद्द संपली की पकड सुटते, तेच तुझे २०. आकृतीही काढली, उंचवटे मोठे करून, बाणांसकट.

पाठवलं तेव्हा दीड वाजून गेला होता. उत्तर सकाळी आलं.

"थँक्यू सर. हे परीक्षेला आहे का?"