भात नव्हे, रिझ

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी सिद्धेश्वर तलावाच्या काठी काढलेला आम्हा उभयतांचा फोटो मी घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. अभिनंदनाची फुले, केक, हात जोडलेले गणपती असे सगळे रीतसर येत असताना वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पुतणीने, मुक्ताने, लिहिले: ‘मोठे काका W rizz 💀’

तीस वर्षे छापखान्यांसाठी मुद्रितशोधन केलेला माणूस मी. चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पोरीला ‘राइस’ लिहिता आलेले नाही, त्यातला डब्ल्यू व्हाइटचा असावा आणि लग्नाच्या वाढदिवसाला साधा भात करतात अशी तिची समजूत असावी, असा मी निष्कर्ष काढला आणि उत्तर दिले, “धन्यवाद बेटा. पण भात केला नव्हता. कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती.” त्यावर मुक्ताने पाच कवट्या पाठवल्या, तिच्या भावाने सात. घरात कोण गेले, या धास्तीने मी चपला घालून जिना चढलो. तेव्हा कळले की कवटी म्हणजे ‘हसून हसून मेलो’, आणि गेला असेलच कोणी, तर तो मी.

त्या संध्याकाळी मुक्ताने माझी शिकवणी घेतली. ‘कॅरिझ्मा’ या शब्दाचे डोके आणि शेपूट उडवून मधला तुकडा ठेवला की ‘रिझ’ होतो, असे मानतात. ही काटछाट इंग्रजीला नवी नाही. इन्फ्लुएन्झाचा फ्लू आणि रेफ्रिजरेटरचा फ्रिज असाच झालेला आहे. काय सेनात नावाच्या अमेरिकी तरुणाने इंटरनेटवरच्या आपल्या थेट प्रक्षेपणांतून हा शब्द पोरांच्या तोंडी बसवला आणि 2023 साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्याला वर्षाचा शब्द म्हणून मान दिला. कोशकारांचे नाव निघाल्यावर मला माघार घेणे भाग होते. शिवाय मराठीत आपल्याकडे ‘रिझवणे’ आहेच. दोघांचा नात्यागोत्याचा काही संबंध नाही, पण मुले ‘rizz up’ असे जे क्रियापद वापरतात, त्याचे भाषांतर करायला बसलो असतो तरी ‘रिझवणे’ याहून चांगला शब्द मला सापडला नसता.

“म्हणजे देखणेपणा,” मी म्हणालो.

“नाही ना मोठे काका! देखणा मुलगा नुसता उभा राहिला तर तो देखणा. साधा दिसणारा मुलगा दोन वाक्ये बोलला आणि समोरची मुलगी हसून तिसरे वाक्य स्वतःहून बोलली, तर तो रिझ.”

मग तिने आपल्या वर्गातल्या दोघांचे मासले सांगितले. एकाने मुलीला सकाळी ‘हाय’, दुपारी ‘जेवलीस का’ आणि रात्री पुन्हा ‘जेवलीस का’ असे विचारले; तिन्हींना उत्तर आले ‘हो’. त्याने या संभाषणाचे चित्र मित्रांच्या गटावर टाकून सल्ला मागितला, तेव्हा सल्ला कोणीच दिला नाही, निकाल मात्र दिला: ‘L rizz’. इथे एल म्हणजे हार आणि डब्ल्यू म्हणजे जीत. दुसऱ्याने लिहिले होते, “गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यावर सगळ्यांत मोठ्याने ओरडत होतीस ती तूच ना? पुढच्या वेळी कानात कापूस घालून शेजारी बसेन.” त्यावर तिने तीन ओळींचे भांडण केले. हे ‘W rizz’. कारण ‘हो’ म्हटले की बोलणे संपते आणि भांडण पुढे चालते. तोंडातून अवाक्षर न काढता, केवळ एका नजरेवर हे साधणाऱ्याकडे ‘अनस्पोकन रिझ’ असतो. हे ऐकताच सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “बघायला आले होते तेव्हा ह्यांनी ‘पोह्यात मीठ कमी आहे’ एवढेच म्हटले होते. ते कशात बसते?” मुक्ताने नुसती कवटीची खूण केली.

इथवर सगळे ठीक होते. पण नवा शब्द हाती आला की तो वापरल्यावाचून मला चैन पडत नाही, आणि नेमकी त्याच आठवड्यात आमच्या चिरंजीवांची सोयरीक बार्शीच्या एका घरी जमत आली होती. मुलगा पुण्यात नोकरीला. पाहण्याचा कार्यक्रम झालेला, मुलामुलीने एकमेकांचे नंबर घेतलेले, आणि मध्यस्थांनी दोन्ही घरांचा एक गट काढून दिलेला. मुलीच्या वडिलांनी तिथे अदबीने विचारले, “चिरंजीव फार अबोल वाटले. स्वभावाने कसे आहेत?” मी चष्मा पुसला आणि लिहिले, “संकोची दिसतो, परंतु त्याच्याकडे rizz भरपूर आहे. कॉलेजपासूनच आहे.”

निळ्या खुणा एकामागून एक उमटल्या आणि उत्तर येईना. चाळीस मिनिटांनी मध्यस्थांचा फोन आला. मुलीच्या धाकट्या भावाने त्या शब्दाचा अर्थ जेवणाच्या ताटावर सर्वांना समजावून सांगितला होता: मुलगा पोरी पटवण्यात तरबेज आहे, आणि तो कॉलेजपासून हेच करतो, असे त्याचे वडील अभिमानाने कळवत आहेत.

मी मुक्ताकडे धाव घेतली. “तूच म्हणालीस ना, चांगला गुण आहे म्हणून?”

“गुण चांगलाच आहे हो, पण तो मित्राने मित्राबद्दल सांगायचा! बापाने मुलीच्या बापाला नाही!”

चूक माझ्या ध्यानात आली. कॅरिझ्मा गांधीजींकडेही होता, त्यामुळे तो शब्द सोयरिकीच्या बोलण्यात खुशाल चालला असता. पण मधला तुकडा वेगळा काढताना मुलांनी त्यातला भारदस्तपणा डोक्या-शेपटीबरोबर टाकून दिला आणि शिल्लक ठेवले ते प्रेमात पाडण्याचे कसब. गटावर त्याचा दाखला बहुधा थट्टेनेच देतात. मुक्ताने मला दिलेली जीतसुद्धा, आता कळते, निम्मी टिंगल होती. ‘रिझवणे’ मात्र आपल्याकडे नातवाला रिझवण्यापासून देवाला रिझवण्यापर्यंत कुठेही बसते, आणि माझा पाय तिथेच घसरला.

मी खुलाशाचे चार मसुदे केले, प्रत्येकाचे शुद्धलेखन तपासले आणि एकही पाठवला नाही, कारण प्रत्येकात चिरंजीव जास्तच गुन्हेगार दिसत होते. रात्री साडेदहाला मध्यस्थांचा पुन्हा फोन आला, तो मात्र हसत. मुलीच्या भावाने बहिणीच्या फोनवरचे आमच्या चिरंजीवांचे सगळे संदेश तिच्या परवानगीने तपासले होते. आठ दिवसांत एकूण तीन होते. पहिला: ‘नमस्कार.’ दुसरा: ‘बार्शीत ऊन आहे का?’ तिसरा, रात्री अकरा वाजता पाठवलेला: ‘आमच्या सोलापूरला नळाला रोज पाणी येत नाही, तुमच्याकडे किती दिवसांनी येते?’

भावाने जाहीर निकाल दिला होता: ‘0 rizz’. मुलीच्या आजींनी त्याचा अर्थ विचारून घेतला आणि साखरपुड्याची तारीख काढायला सांगितली.