बुकिंगची पीडीएफ पाठवा हो, फोटो नको!

क्वालालंपूरच्या हॉटेलचं बुकिंग झालं की घरचे मला लॅपटॉपच्या स्क्रीनचा तिरका फोटो पाठवतात आणि विचारतात, "सगळं भरलंय ना?" काय सांगणार? 'फ्री कॅन्सलेशन'ची हिरवी ओळ ठसठशीत दिसते, पण तारखेवर नेमका ट्यूबलाइटचा उजेड. संध्याकाळी ६ पर्यंत, हे कसंबसं लागतं. पण ते ६ तिथले! म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. त्यानंतर रद्द केलं तर एका रात्रीचं भाडं गेलं, आणि हीच अट फोटोत अर्धी कापलेली.

खालची बारीक ओळ तर कायमच गायब. मलेशियात परदेशी पाहुण्यांना खोलीमागे रात्री १० रिंगिट पर्यटन कर पडतो, तो बहुधा काउंटरवरच घेतात. दोन खोल्या, चार रात्री, ८० रिंगिट. 'टोटल'मध्ये ते धरलेलेच नसतात, मग तिथे वाद.

त्यात डिपॉझिट. क्रेडिट कार्डावर नुसती लिमिट अडकते, पण डेबिट कार्ड दिलं तर खात्यातले पैसेच अडकतात आणि सुटायला कितीतरी दिवस जातात. प्रवासात हेच पैसे लागतात ना! अहो, ईमेल फॉरवर्ड करायला फोटोइतकाही वेळ लागत नाही!